टोल्युइनच्या टाकीत उतरलेला माणूस

रसायनाची साठवण टाकी पंपाने उपसली, तळाचा व्हॉल्व्ह उघडून उरलेला द्रव काढून घेतला, की कारखान्याच्या बोलीत ती ‘रिकामी’ होते. तळाशी मात्र दोन-चार बोटे द्रव आणि गाळ राहतोच. निचऱ्याची नळी तळापासून थोडी वर बसवलेली असते, आणि वर्षानुवर्षे साठलेला गंज, मळी आणि चिकट थर कोणत्याही नळीतून निघून येत नाही. तो खरवडून काढायला शेवटी माणूस आत उतरवला जातो. टाकी साफ करताना कामगाराला गॅस लागून भोवळ आल्याच्या बहुतेक घटना या उरलेल्या थरामुळेच घडतात. द्रव जातो, वाफ राहते, आणि टाकीच्या झाकणातून खाली पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

ही वाफ किती असू शकते, याचा हिशेब सोपा आहे. टोल्युइन हे उदाहरण घेऊ. रंगाच्या दुकानात थिनरचा डबा उघडल्यावर येणारा गोडसर, उग्र वास पुष्कळदा याच द्रवाचा असतो. रंग, चिकटद्रव्ये, शाई आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांत ते टाकीच्या टाकी भरून साठवले जाते. दहा फूट व्यासाच्या, वीस फूट उंचीच्या उभ्या टाकीत सुमारे ४४ घनमीटर, म्हणजे ४४ हजार लिटर हवा मावते. वीस अंश सेल्सिअस तापमानाला बंद टाकीतली हवा टोल्युइनने पूर्ण भरली, तर त्या हवेचा जवळजवळ तीन टक्के भाग टोल्युइनची वाफ असते. एवढी वाफ तयार व्हायला सहा लिटर द्रवही लागत नाही. याच टाकीच्या तळाशी अडीच इंच थर उरला असेल, तर तो साडेचारशे लिटरांच्या घरात जातो. त्यातला निम्मा निव्वळ गाळ धरला, तरी टाकीतली हवा पुन्हा पुन्हा विषारी करण्याइतका साठा खाली पडून असतो. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचा पत्रा तापलेला असताना वाफेचे प्रमाण याहून बरेच वाढते.

हे आकडे एका प्रत्यक्ष टाकीचे आहेत. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात १९८४ साली याच मापाच्या टोल्युइनच्या टाकीत एक कामगार आणि त्याला काढायला आलेला अग्निशमन दलाचा एक जवान असे दोघे दगावले. त्या देशातल्या औद्योगिक सुरक्षा संशोधन संस्थेने, म्हणजे नायोशने, या अपघाताची सविस्तर चौकशी केली. बंद जागेतल्या कामाविषयी शिकवताना हा अपघात आजही वापरला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात निव्वळ बेफिकिरी दाखवता येत नाही. श्वसनयंत्र आणले होते, ते कसे वापरायचे हे कामगाराला सांगितले होते, दोर होता, वर मुकादम हजर होता. तरीही माणूस गेला.

त्या दिवशीचे नियोजन असे होते. टाकी शक्य तितकी उपसून झाली होती आणि तळाशी दोन ते तीन इंच गाळ आणि टोल्युइन उरले होते. आत जायची वाट टाकीच्या माथ्यावर होती, तीही फक्त सोळा इंच व्यासाच्या तोंडातून. मुकादमाने पाठीवर हवेची नळकांडी असलेले श्वसनयंत्र भाड्याने आणले होते. अडचण अशी निघाली की, यंत्र पाठीवर बांधून माणूस त्या तोंडातून उतरूच शकत नव्हता. मग असे ठरले की, यंत्र सैल बांधून कामगाराच्या डोक्यावर धरायचे, तो तोंडातून खाली सरकला की वरून त्याच्या पाठीवर सोडायचे आणि आत गेल्यावर पट्टे घट्ट करायचे. सुरुवातीला याची नुसती रंगीत तालीम करायची होती.

दोघे टाकीवर चढले. कामगार तोंडाच्या काठावर बसला आणि मुकादम यंत्र उचलायला वळला. तेवढ्यात आतून आवाज आला. मुकादमाने पाहिले तर कामगार टाकीच्या तळाशी उभा होता. तो आपणहून उतरला की वाफेने भोवळ येऊन घसरला, हे कोणी पाहिले नाही. मुकादमाने बाहेर ये म्हणून हाका मारल्या. उत्तर नाही. दोर त्याच्या छातीवर आपटून लक्ष वेधायचा प्रयत्न केला, तर कामगार नुसता काहीतरी पुटपुटत राहिला. शेवटी मुकादमाने श्वसनयंत्र दोराला बांधून खाली सोडले, त्याच्या अंगाला लावले, मुखवटा चढव म्हणून ओरडून सांगितले. कामगाराने ते हातातही घेतले नाही. तो गुडघ्यांवर आला, मग पाठीवर आडवा झाला आणि पुटपुटतच राहिला. मुकादम स्वतः आत उतरला नाही, त्याने अग्निशमन दल बोलावले. या साऱ्या प्रसंगात एवढी एकच गोष्ट बरोबर झाली.

कामगार उभा आहे, आवाज काढतो आहे, यंत्र हाताशी आहे, आणि तरी ते घेत नाही. हा प्रकार चमत्कारिक वाटतो, पण टोल्युइनचा परिणाम नेमका असाच होतो. ही वाफ फुफ्फुसांतून रक्तात आणि तिथून मेंदूत जाते, आणि शस्त्रक्रियेच्या भुलीसारखे काम करते. माणसाची शुद्ध नंतर हरपते, विचारशक्ती त्याआधी जाते. हवेच्या दहा लाख भागांत टोल्युइनच्या वाफेचे सहाशे-आठशे भाग असले की गोंधळ, मळमळ आणि चालताना झोक जाणे सुरू होते. याचे प्रमाण काही हजारांवर गेले की थोड्याच वेळात अंगातले बळ सरते, आणि दहा हजारांच्या पुढे काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. वाफेने पुरती भरलेल्या टाकीत हे प्रमाण तीस हजारांच्या आसपास असते. त्यामुळे ‘बरे वाटेनासे झाले तर लगेच बाहेर ये’ या सूचनेला अशा टाकीत काही अर्थ नाही. बरे वाटत नाही हे ज्याला कळायचे, ती जाणीवच पहिल्यांदा जाते. वासावरही भिस्त ठेवता येत नाही. टोल्युइनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण नाक थोड्या वेळात त्याला सरावते आणि पुढे प्रमाण वाढले तरी वेगळे काही जाणवत नाही.

म्हणून आत उतरण्याआधी हवेची तपासणी यंत्राने करावी लागते. कारखान्यांत यासाठी हातात मावणारा गॅस डिटेक्टर वापरतात. त्याच्या पडद्यावर सहसा चार आकडे येतात. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन साधारण २१ टक्के, बाकी तीन शून्य किंवा शून्याजवळ असे आकडे दिसले की परमिटावर ‘गॅस टेस्ट ओके’ लिहिले जाते. गटाराच्या किंवा मळीच्या टाकीसाठी हे यंत्र बरेचसे पुरेसे ठरते. टोल्युइनसारख्या द्रावकाच्या टाकीत मात्र याच आकड्यांनी माणसे फसली आहेत, म्हणून ते नीट वाचायला हवेत.

पहिला आकडा ऑक्सिजनचा. टाकीत तीन टक्के वाफ असली, तरी ती ऑक्सिजन ढकलून ढकलून किती ढकलणार? २०.९ टक्क्यांचा आकडा २०.३ वर येतो, एवढेच. सुरक्षित ऑक्सिजनची सर्वमान्य खालची मर्यादा १९.५ टक्के आहे. म्हणजे दोन-चार मिनिटांत माणूस आडवा करणारी हवा ऑक्सिजनच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होते. गॅस लागून पडलेला प्रत्येक जण प्राणवायू कमी पडल्यामुळेच पडतो हा समज कारखान्यांत पुष्कळ आढळतो. या टाकीपुरता तो साफ चुकीचा आहे.

दुसरा आकडा ज्वलनशीलतेचा, आणि गल्लत इथेच अधिक होते. हवेत टोल्युइनची वाफ १.१ टक्क्याहून कमी असेल तर ती पेट घेत नाही. या १.१ टक्क्याला शंभर धरून डिटेक्टर त्याच्या किती टक्के वाफ हवेत आहे ते दाखवतो. दहाच्या आत आकडा असेल तर स्फोटाचा धोका नाही असे मानतात. अमेरिकेने १९९३ मध्ये बंद जागांसाठी केलेल्या नियमातही ज्वलनशील वायूंसाठी हीच दहाची मर्यादा आहे. पण १.१ टक्क्याचा दहावा हिस्सा म्हणजे ०.११ टक्के, अर्थात दहा लाख भागांत अकराशे भाग. नायोशच्या यादीत टोल्युइनचे ‘जिवाला तात्काळ धोका’ मानलेले प्रमाण पाचशे भागांचे आहे. पडद्यावर पाच दिसले तरी साडेपाचशे होतात. भारताच्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी सरासरी शंभर भागांची मर्यादा होती, आणि ती या पडद्यावर जेमतेम एकाच्या आकड्याएवढी भरते. एवढा बारीक फरक हे यंत्र विश्वासाने सांगू शकत नाही. सुरक्षा अधिकारी जो आकडा पाहून समाधानाने मान हलवतो, तो आगीसंबंधीचा असतो. श्वासासंबंधीचा प्रश्न त्या यंत्राला कोणी विचारलेलाच नसतो. भर म्हणजे बहुतेक डिटेक्टर मिथेन वायूवर जुळवलेले असतात. जड द्रावकांच्या वाफा त्यांना कमी दिसतात, आणि टोल्युइनचे खरे प्रमाण पडद्यावरच्या आकड्याच्या दुपटीच्या आसपास असू शकते.

यावर उपाय म्हणजे त्या द्रावकाचे प्रमाण थेट मोजणारे साधन. अतिनील प्रकाशाने वाफेचे रेणू विद्युतभारित करून मोजणारा डिटेक्टर यासाठी मिळतो. तो नसेल, तर हातपंपाने हवा ओढल्यावर जिच्यातल्या रसायनाचा रंग बदलतो अशी काचेची नळी वापरतात. दोन्ही साधने आपल्याकडच्या बाजारात मिळतात. नळी तर स्वस्त आहे, पण ती एकदाच वापरता येते आणि त्या त्या रसायनासाठी वेगळी घ्यावी लागते. टाकीत नेमके काय साठवले होते हे माहीत असणे, हीच त्यामुळे तपासणीची पहिली पायरी ठरते. ठेकेदाराच्या माणसाला ‘सॉल्व्हंटची टाकी आहे’ एवढेच सांगितलेले असते, तेव्हा योग्य नळी निवडणार कोण?

ऑक्सिजन आधी तपासायचा, मग ज्वलनशीलता आणि मग विषारीपणा, असा क्रम सुरक्षेच्या पुस्तकांत दिलेला असतो. त्याला कारण आहे. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा संवेदक वाफेचा अंश स्वतःच्या पृष्ठभागावर जाळून मोजतो, आणि जळायला ऑक्सिजन लागतो. आग टाळण्यासाठी ज्या टाक्यांत नायट्रोजन भरून ठेवतात, तिथे ऑक्सिजनच नसल्यामुळे हा संवेदक वाफ भरलेली असतानाही शून्याकडे झुकतो. पहिला आकडा वाचल्याशिवाय दुसऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही तो यासाठी.

आकडा कुठला घेतला, हेही तितकेच महत्त्वाचे. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते आणि ती तळाच्या द्रवातूनच निघते. झाकणापाशी डिटेक्टर धरून घेतलेली नोंद तळाशी वाकून खरवडणाऱ्या माणसाच्या नाकापाशी काय आहे ते सांगत नाही. लांब नळी सोडून वर, मधे आणि तळाशी असे तीन ठिकाणी नमुने घ्यावे लागतात. नळीतून हवा यंत्रापर्यंत यायला वेळ लागतो, तेवढा वेळ प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते. घाईत नळी खाली टाकून लगेच वर ओढली, तर पडद्यावरचा आकडा बाहेरच्या स्वच्छ हवेचा असतो. आणि एकदा तपासले म्हणजे झाले असेही नाही. गाळाची वरची साय सुकलेली असली, की सकाळच्या तपासणीत वाफ थोडी दिसते. फावड्याने ती फोडली की खाली अडकलेला द्रव उघडा पडतो आणि प्रमाण काही मिनिटांत वाढते. काम सुरू असेपर्यंत डिटेक्टर आतल्या माणसाच्या छातीवर चालू हवा.

तपासणीत आकडा चांगला यावा यासाठी आधी टाकी तयार करावी लागते. टाकीला जोडलेल्या सगळ्या नळ्या तोडायच्या किंवा त्यांच्या जोडांत लोखंडी चकती, म्हणजे ब्लाइंड, घालायची. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. तो गळू शकतो, आणि दुसऱ्या पाळीतला कोणी तो चुकून उघडूही शकतो. मग ब्लोअर लावायचा. मिनिटाला तीस घनमीटर हवा देणारा ब्लोअर ४४ घनमीटरांच्या टाकीतली हवा दीड मिनिटात एकदा बदलतो. टाकी खरोखर कोरडी असेल आणि हवा सगळीकडे सारखी मिसळत असेल, तर तीस हजारांवरून शंभरावर यायला कागदावर दहा मिनिटेही लागत नाहीत. प्रत्यक्षात कोपऱ्यांत हवा साचते आणि वेळ कित्येक पटींनी वाढतो. खाली द्रव उरला असेल, तर मात्र हिशेबच कोलमडतो, कारण ब्लोअर जितकी वाफ बाहेर काढतो तितकी नवी तयार होत राहते. म्हणून आधी बाहेरूनच पाण्याने किंवा वाफेने धुऊन, गाळ ढिला करून पंपाने ओढून घ्यायचा असतो. ब्लोअरची नळी धातूच्या तारेने टाकीशी आणि जमिनीशी जोडावी लागते, नाहीतर वाहत्या हवेने साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी पुरते. या सगळ्यात एक टप्पा चोरपावलांनी येऊन जातो. बाहेर जाणारी हवा पेट घेण्याजोग्या प्रमाणातून जात असताना आसपास वेल्डिंग किंवा मोटार चालू असू नये. काही ठिकाणी घुसमट कमी करायला म्हणून टाकीत ऑक्सिजनचा सिलिंडर सोडतात. याहून धोकादायक उपाय शोधून सापडणार नाही. वाफ आहे तशीच राहते आणि आग मात्र अनेक पटींनी भडकते.

एवढे झाल्यावर परमिटाचा प्रश्न येतो. परमिट ही परदेशातून आलेली अलीकडची पद्धत आहे असे अनेकांना वाटते. पण कारखाने अधिनियम १९४८ च्या छत्तिसाव्या कलमात तिचा गाभा होता. धोकादायक वायू किंवा वाफ असण्याची शक्यता आहे अशा टाकीत, खड्ड्यात किंवा बंद जागेत कोणालाही उतरवायचे असेल, तर तिथे पुरेशा आकाराचे मॅनहोल किंवा बाहेर पडायची दुसरी सोय हवी, असे ते सांगत असे. आतला वायू काढून टाकण्याचे आणि नवा येऊ न देण्याचे सर्व उपाय झालेले हवेत. त्यानंतर, सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला दिलेला हवा. दाखला नसेल, तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र घातलेले असावे आणि त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. पुढच्याच ३६-अ या कलमाने अशा जागेत २४ व्होल्टहून अधिक दाबाच्या हातदिव्याला मनाई केली. ‘स्वतः तपासणी करून’ हे शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. कार्यालयात बसून, दुसऱ्याने फोनवर सांगितलेले आकडे उतरवून केलेली सही या कलमात बसत नव्हती.

चांगल्या परमिटावर कोणत्या टाकीत, कोणत्या कामासाठी, कोण कोण उतरणार आणि कुठल्या वेळेपर्यंत, हे लिहिलेले असते. कुठे ब्लाइंड घातले, कोणत्या स्विचला कुलूप लावले, तीनही उंचींवरचे आकडे किती आले आणि यंत्र शेवटचे कधी तपासले, हेही असते. बाहेर कोण थांबणार त्याचे नाव आणि बचावाची सामग्री कुठे ठेवली आहे, याची नोंद असते. परमिटाची मुदत एका पाळीपुरती असते. जेवणाच्या सुट्टीत टाकी रिकामी राहिली, तर परत उतरण्याआधी तपासणी पुन्हा करायची असते. प्रत्यक्षात जेवणानंतर नवी नोंद क्वचितच होते. सकाळी नऊचे आकडे दुपारी तीनला तसेच उभे असतात, आणि मधल्या वेळात ऊन चढून टाकीचा पत्रा भाजण्याइतका तापलेला असतो. परमिट पाहणाऱ्या जाणकाराची नजर सही कोणाची यापेक्षा नोंदींच्या वेळांवर आधी जाते. सगळ्या वेळा पाच-पाच मिनिटांच्या गोल आकड्यांत आणि एकाच पेनाने लिहिलेल्या असतील, तर तो फॉर्म एका बैठकीत भरला असे समजायला हरकत नसते.

बाहेर थांबणाऱ्या माणसाचे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. त्याला ‘स्टँडबाय’ म्हणतात आणि बहुतेक वेळा सर्वांत नवखा हेल्पर तिथे उभा केला जातो. हत्यारे आणून दे, पाणी आणून दे, अशी कामेही त्यालाच सांगतात. नियमाप्रमाणे त्याने जागा सोडायची नसते, आतल्याशी सतत बोलत राहायचे असते आणि उत्तर अडखळले की लगेच बाहेर बोलवायचे असते. मुख्य म्हणजे काहीही झाले तरी स्वतः आत उतरायचे नसते. नायोशने १९८६ साली काढलेल्या इशारापत्रकात नोंदवले होते की, बंद जागांमध्ये दगावणाऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक जण इतरांना वाचवायला उतरलेले असतात. महाराष्ट्रात सेप्टिक टँक किंवा विहीर साफ करताना एकामागोमाग तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्याचे कारणही हेच. पहिला माणूस खाली पडलेला दिसतो, तो अजून श्वास घेत असतो, आणि श्वास रोखून चटकन उचलून आणू असे वरच्याला वाटते. साठ-सत्तर किलोचे निपचित शरीर शिडीवरून चढवायला जोर लागतो, जोर लावताना श्वास सुटतो आणि एकदोन श्वासांनंतर वाचवणाराही खाली बसतो. नाकाला ओला रुमाल बांधून वाफ अडत नाही. कोळशाच्या डबीचा मुखवटाही या प्रमाणाला पुरत नाही. तो हवा गाळतो, नवी हवा देत नाही.

म्हणून बचावाची खरी तयारी म्हणजे आत न उतरता ओढून काढता येणे. उतरणाऱ्याच्या अंगात छाती आणि मांड्यांना बसणारा पूर्ण हार्नेस असतो, त्याच्या पाठीवरच्या कडीला दोर बांधलेला असतो आणि टाकीच्या तोंडावर तिपाई आणि हाताने फिरवायची चरखी बसवलेली असते. १९४८ च्या कायद्यातला कमरेचा पट्टा आज अपुरा मानला जातो, आणि ते बरोबर आहे. कमरेला ओढले की बेशुद्ध शरीर मधोमध दुमडते आणि सोळा इंचांच्या तोंडात अडकते. इतक्या अरुंद तोंडासाठी मनगटांना बांधायचे पट्टेही मिळतात. त्यांनी हात डोक्यावर ताणले जाऊन खांदे निमुळते होतात आणि शरीर सरळ वर येते. श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. बाहेरून येणारे दल कितीही तत्पर असले तरी त्या वेळात पोचून, सामग्री उतरवून, माणूस बाहेर काढू शकत नाही. परमिटावर बचावाच्या रकान्यात नुसता अग्निशमन दलाचा फोन नंबर लिहिलेला असेल, तर तो रकाना कोरा आहे असेच धरायला हवे.

अॅरिझोनातल्या टाकीवर चरखी नव्हती आणि कामगाराच्या अंगात हार्नेसही नव्हता. अग्निशमन दल आले तेव्हा माणूस वीस फूट खाली आडवा होता. श्वसनयंत्रासह त्या तोंडातून जवानांना उतरता येईना. दलाने टाकीची बाजू तळाजवळ कापून वाट करायचे ठरवले आणि पेट्रोलवर चालणारी चकतीची करवत लावली. ठिणग्या विझाव्यात म्हणून पाण्याचा मारा सुरू होता. पण टोल्युइनची वाफ हवेत १.१ ते ७.१ टक्के या पट्ट्यात असेल तर ती पेटते, आणि पूर्ण भरलेल्या टाकीतले तीन टक्के हे प्रमाण त्या पट्ट्याच्या आतच पडते. करवतीने पत्रा कापत असताना स्फोट झाला. एक जवान जागीच ठार झाला आणि आणखी काही जखमी झाले.

या निर्णयाला नुसते चूक म्हणून सोडून देणे सोपे आहे. टाकीत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून स्फोट टाळता आला असता. पण आतला माणूस जिवंत असण्याची एक टक्का शक्यता जरी धरली, तरी तो वायू त्याचा जीव घेणार होता. माणूस गेला आहे हे ठरवणारे कोणी नव्हते आणि टाकीतली वाफ मोजून पाहायला कोणी थांबले नाही. ती मोजली असती तर करवतीचा पर्याय बाद झाला असता. मग माथ्यावरून हवेची नळी जोडलेला हलका मुखवटा घालून एकाने उतरणे, आणि दरम्यान ठिणगी न टाकणाऱ्या ब्लोअरने टाकीतली हवा बदलत राहणे, असे मार्ग उरले असते. तेही जोखमीचेच होते, आणि अपघात होण्याआधी सराव केलेल्यालाच ते जमले असते.

बाहेर काढलेला माणूस शुद्धीवर आला, तरी प्रकरण संपत नाही. त्याला मोकळ्या हवेत आडवे करतात. द्रवाने भिजलेले कपडे लगेच काढून कातडी साबणाने धुतात, कारण टोल्युइन कातडीतूनही शरीरात जाते आणि भिजलेला कपडा त्याच्या नाकाशी वाफ सोडतच राहतो. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करतात, आणि हाताशी असेल तर ऑक्सिजन देतात. गाळात तोंडावर पडलेल्याच्या फुफ्फुसात द्रव गेला असेल, तर सूज काही तासांनी वाढते. म्हणून बरे वाटते म्हणत चालत घरी जाऊ पाहणाऱ्यालाही रुग्णालयात थांबवून ठेवतात. डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगणे फार गरजेचे असते. अशी द्रावके हृदयाला अॅड्रिनॅलिनविषयी नाजूक करतात, आणि एरवी बेधडक दिलेले ते औषध इथे हृदयाचे ठोके बिघडवू शकते. शक्य झाल्यास टाकीच्या द्रव्याची माहितीपत्रिका रुग्णासोबत पाठवतात.

इकडे टाकीवरचे परमिट त्याच क्षणी रद्द होते. अपघाताच्या वेळचे आकडे, डिटेक्टरची स्मृती आणि फॉर्मची मूळ प्रत जपून ठेवतात. मॅनहोलवर पहारा बसतो, कारण पडलेल्याची चप्पल किंवा राहिलेले हत्यार आणायला कोणीतरी पुन्हा आत जाऊ पाहतो, असा अनुभव आहे. टाकी नव्याने धुऊन, तीनही उंचींवर पुन्हा मोजून, नवा दाखला मिळेपर्यंत ती बंद राहते.